संध्याकाळी सारखं दूध मागणारं बाळ

>> "पाच आठवड्यांची मुलगी संध्याकाळी सातपासून दर वीस मिनिटांनी दूध मागते, रडते. दूध पुरत नसेल का? वरचं सुरू करू?"

ताई, दिवसभरात सहा तरी लंगोट नीट ओले होतायत आणि वजन वाढतंय ना? मग वरचं नको. संध्याकाळी दूध हळू येतं म्हणून बाळं थोडं थोडं, सारखं ओढतात. तेव्हा बाटली दिली की तेवढं ओढणं कमी होतं आणि दूधही कमी बनतं.

माझा मुलगा अमळनेरला माहेरी असताना असाच साडेसहा ते दहा चिकटून असायचा. मी आधीच जेवून घ्यायचे, पाण्याचा तांब्या जवळ ठेवायचे. मी अंगणात खाटेवर बसायचे, आई त्याला खांद्यावर घेऊन फिरायची, परत माझ्याकडे द्यायची. दहाला मुठी सैल पडायच्या, मग दोनपर्यंत सलग झोप. प्रत्येक बाळ असं झोपेलच असं नाही, पण त्याला आठ वाजता बळेच झोपवायला गेले की तासाभरात उठायचा.

ही किरकिर सहाव्या आठवड्याच्या आसपास सगळ्यात जास्त असते, तीन-चार महिन्यांत ओसरते. आपल्याकडच्या उन्हाळ्यातही बाळाला वरून पाणी नको. ताप, सुस्ती किंवा लघवी कमी दिसली तर मात्र लगेच डॉक्टरांना दाखवा.