प्रतिसाद: टोपली जड की आंबे जड?

> ‘द बास्केट ऑफ मँगोज ___ हेवी’ याला लेकीने ‘एम’, ‘इज’, ‘आर’, ‘बी’ यांतून ‘आर’ निवडलं. चौथीत आहे. कसं समजावू?

ताई, आमच्या जालन्याकडच्या वर्गातही हीच चूक दिसते. मुलं रिकाम्या जागेला चिकटलेला शब्द कर्ता धरतात. इथे तो ‘मँगोज’ आहे, म्हणून ‘आर’.

तिला आधी वाक्य मराठीत म्हणायला लावा: ‘आंब्यांची टोपली जड आहे.’ जड काय? टोपली. मराठीत ‘आंब्यांची’ आधी येतं आणि टोपली क्रियापदाजवळ राहते. इंग्रजीत ‘ऑफ मँगोज’ मागून येतं आणि मध्ये घुसतं. म्हणून ‘ऑफ’पासून रिकाम्या जागेपर्यंतचा भाग पेन्सिलीने कंसात टाकायला सांगा. उरतं ‘द बास्केट ___ हेवी’.

आता एकेक पर्याय त्या कर्त्यापुढे मोठ्याने वाचायचा. ‘एम’ फक्त ‘आय’सोबत, म्हणून गेला. ‘बी’ अशा साध्या वाक्यात ‘विल’, ‘कॅन’सारख्या शब्दाशिवाय येत नाही, तोही गेला. ‘आर’ला ‘यू’ किंवा अनेकवचन लागतं, टोपली तर एकच. राहिला ‘इज’. पहिलाच बरोबर वाटला तरी चारही तपासायचे, हे मी फार आग्रहाने सांगते.

ही युक्ती काही ठिकाणी फसते. उदाहरणार्थ, ‘अ लॉट ऑफ मँगोज’मध्ये कंस करू नका. तिथे ‘लॉट’ म्हणजे नुसतं ‘पुष्कळ’, मोजायचे ते आंबेच, म्हणून ‘आर’. मराठीत म्हणून पाहिलं की हेही कळतं: ‘पुष्कळ आंबे आहेत.’