संगीत संध्येच्या पत्रिकेतील गायिकेचे नाव : सोसायटी ग्रुपवरील चर्चा

नीलाताई, बी-२०४ : सचिव महोदय, गणेशोत्सवातील संगीत संध्येची पत्रिका आत्ताच पाहिली. ‘ना ना करते प्यार’ या गाण्यापुढे लता मंगेशकर आणि मोहम्मद रफी अशी नावे छापली आहेत. हे गाणे सुमन कल्याणपूर यांनी गायले आहे. गेल्या वर्षी ‘आजकल तेरे मेरे’च्या बाबतीतही हेच झाले होते आणि तेव्हाही मी लेखी कळवले होते.

सचिव : ताई, पत्रिका सर्वांना दोन दिवस आधी पाठवली होती, तेव्हा कोणीच काही बोलले नाही. आता छपाई झाली आहे.

देशपांडे काका, ए-१०१ : माझ्या मोबाईलमधील ॲपवर या गाण्याखाली लता मंगेशकर असेच नाव दिसते. स्क्रीनशॉट जोडला आहे.

रोहन, सी-४०३ : आवाज तर लताबाईंचाच वाटतो. इतक्या वर्षांनी खात्री कशी करायची?

बापट काका, बी-३०१ : रोहन, पडद्यावर कोण दिसते यावरून काहीच ठरत नाही. ‘जब जब फूल खिले’ (१९६५) मध्ये ‘ये समाँ’ आणि ‘ना ना करते’ ही दोन्ही गाणी नंदावरच चित्रित झाली आहेत, दोन्हींचे संगीत कल्याणजी-आनंदजींचे आहे, पण पहिले लताबाईंचे आणि दुसरे सुमनताईंचे आहे. ॲपवर बहुधा त्यामुळेच घोटाळा होतो, कारण पुष्कळदा संपूर्ण चित्रपटाच्या गायकांची नावे प्रत्येक गाण्याला सरसकट चिकटवलेली असतात. रेकॉर्डच्या मधल्या गोल कागदावर मात्र प्रत्येक गाण्याच्या ओळीखाली त्या गाण्याचे गायक बारीक अक्षरांत स्वतंत्र छापलेले असतात. माझ्याकडील रेकॉर्डचा फोटो पाठवत आहे. कृपया मोठा करून वाचावा.

देशपांडे काका, ए-१०१ : ॲपवर लता मंगेशकर असेच नाव आहे. स्क्रीनशॉट पुन्हा पाठवतो.

नीलाताई, बी-२०४ : काका, स्क्रीनशॉट आम्ही सर्वांनी पाहिला आहे. वरील फोटोही आपण कृपया पाहावा.

मीनाकाकू, ए-३०२ : रॉयल्टीच्या वादामुळे साठच्या दशकात लताबाई आणि रफीसाहेब काही वर्षे एकत्र गात नव्हते ना? त्या काळातले रफींबरोबरचे द्वंद्वगीत असेल तर ते सुमनताईंचे, असा आमच्या घरी ठोकताळाच होता.

बापट काका, बी-३०१ : काकू, संशय कुठे घ्यावा हे कळण्यासाठी तो ठोकताळा उपयोगी आहे, पण निकाल त्यावर देऊ नये. १९६३ च्या ‘ताजमहल’मधील ‘जो वादा किया’ लता-रफींचेच आहे. उलट १९६७ च्या ‘ज्वेल थीफ’मध्ये ते दोघे पुन्हा एकत्र गायले, तरीही १९६८ च्या ‘ब्रह्मचारी’मधील ‘आजकल’ सुमनताईंकडेच आले. म्हणजे दोन्ही टोकांना हा नियम चुकतो.

रोहन, सी-४०३ : मग कानाने ओळखताच येत नाही का?

नीलाताई, बी-२०४ : येते, पण सवय लागते. ‘चाँद’ (१९५९) मधील ‘कभी आज कभी कल कभी परसों’ हे लताबाई आणि सुमनताई यांनी एकत्र गायलेले गाणे हेडफोन लावून ऐक, कारण तिथे दोन्ही आवाज शेजारी शेजारी मिळतात. मग ‘ये समाँ’ आणि ‘ना ना करते’ लागोपाठ लाव. माझ्या कानाला लताबाईंचा स्वर वर जाताना अधिक टोकदार होतो, तर सुमनताईंचा तिथेही मऊच राहतो. मधल्या पट्टीतल्या ओळींवरून मात्र मीसुद्धा पैज लावणार नाही. तिथे रेकॉर्डच पाहावी.

देशपांडे काका, ए-१०१ : तरीही ॲपवर लता मंगेशकर असेच नाव आहे.

जाधव, सी-१०२ : काकांचे ॲपच या वर्षी निवेदनाला बसवावे. 😄

देशपांडे काका, ए-१०१ : जाधव, वडीलधाऱ्या माणसांशी बोलताना मर्यादा पाळावी.

नीलाताई, बी-२०४ : थट्टा पुरे. ज्या गायिकेला २०२३ साली पद्मभूषण मिळाले, तिचे गाणे आपण तिच्याच महाराष्ट्रात दुसऱ्या नावाने छापतो, याचे मला मनापासून वाईट वाटते.

सचिव : ताई, आपली भावना समजली. बापट काकांच्या फोटोत नाव स्पष्ट वाचता येते, त्यामुळे सर्व प्रतींवर दुरुस्तीची पट्टी चिकटवून घेतो आणि निवेदकांनाही कळवतो.

मीनाकाकू, ए-३०२ : पट्ट्या करणारच आहात तर क्रमांक नऊही पाहावा. ‘सांग कधी कळणार तुला’ यापुढे रफी छापले आहे. ‘अपराध’मधील ते गाणे महेंद्र कपूर आणि सुमन कल्याणपूर यांचे आहे.

सचिव : बापट काका, त्याचीही रेकॉर्ड आपल्याकडे आहे का?

बापट काका, बी-३०१ : आहे. माळ्यावरून काढून संध्याकाळपर्यंत फोटो टाकतो. तोपर्यंत पट्ट्या छापायला देऊ नयेत.