‘मागचे दोन राहिलेत’ : दोन काय, आणि कोणाकडे?

ओवी : मुलाच्या शिकवणीच्या बाईंचा निरोप जसाच्या तसा देते. “ताई, अपूर्णांक अजून कच्चे आहेत. मागचे दोन राहिलेत, ते या महिन्यात धरून घेऊ. फीचं तेवढं बघा.” मी वाचलं, दोन तास बुडालेत, ते भरून काढणार. नवऱ्याने वाचलं, दोन महिन्यांची फी थकलीय, ती मागतायत. पाऊण तास वाद झाला. मराठी म्हणून यातलं बरोबर काय?

तिरकी रेघ : लिंग पाहा की. ‘राहिलेत’ पुल्लिंगी आहे. ‘फी’ स्त्रीलिंगी, म्हणजे फीबद्दल नाही. तासच. विषय संपला.

जुनी पाटी : नाही संपला. महिनाही पुल्लिंगीच आहे. ‘दोन तास राहिलेत’ आणि ‘दोन महिने राहिलेत’, क्रियापद दोन्हीकडे सारखंच. गंमत म्हणजे देणेकरी उलटतो. तास राहिले तर बाई तुमचं देणं लागतात, महिने राहिले तर तुम्ही बाईंचं. पुढचं ‘घेऊ’ही मदत करत नाही. तास घेतात, पैसेही घेतात. मी अनेक वर्षं शिकवण्या घेतल्या, असे निरोप मीही लिहिलेत. आपल्या डोक्यात ‘तास’ इतका पक्का असतो की तो लिहायचाच राहतो.

कोरा कागद : आमच्या मुलीचे सर दर महिन्याला ‘प्रगती समाधानकारक’ एवढंच लिहायचे. शेवटी कळलं की तो मजकूर सगळ्याच पालकांना जायचा. समाधान नक्की कोणाचं, हे मला अजून कळलेलं नाही.

ओवी : @कोरा कागद, वेगळा मुद्दा आहे हो तो.

शुद्धमती : मूळ घोळ ‘फी’ या परक्या शब्दात आहे. ‘शुल्क’ लिहिलं असतं तर वाक्यही नीट लिहावं लागलं असतं.

तिरकी रेघ : ‘शुल्काचं तेवढं बघा’? संस्कृतात शुल्क म्हणजे जकातसुद्धा. मुलाला शिकवायचंय की नाक्यावर अडवायचंय? आणि ‘थकबाकी’तली ‘बाकी’ अरबीतून आलीय, ती चालते वाटतं!

शुद्धमती : रुळलेल्या शब्दांना माझी हरकत नाही.

तिरकी रेघ : ‘फी’ रुळायला अजून किती वर्षं हवीत?

जुनी पाटी : भांडा निवांत. ओवीताई, व्याकरण इथे थकलं, आता वही काढा. मुलाच्या वहीत पानाच्या कोपऱ्यात तारीख असेल. ठरलेले तास किती, तारखा किती, हे मोजा. मग शेवटचे पैसे कधी, कोणत्या महिन्याचे दिले, तेही पाहा.

ओवी : मोजलं. महिन्याला आठ तास ठरलेत, गेल्या महिन्यात लाल पेनाने सहाच तारखा आहेत. फी गेल्या महिन्यापर्यंतची दिलेली आहे. म्हणजे तासच ना?

जुनी पाटी : दोन महिने थकलेले तर नक्कीच नाहीत. पण बुडालेले दोन्ही तास कोणामुळे बुडाले?

ओवी : एकदा बाईंना ताप होता. एकदा आम्ही लग्नाला गेलो होतो.

जुनी पाटी : तिथेच मेख आहे. पहिला त्या फुकट भरून देतील. दुसऱ्याचं आधी काही ठरलं नसेल, तर ‘फीचं तेवढं बघा’ त्या तासासाठी असू शकतं. किंवा ती या महिन्याच्या फीची नुसती आठवण असेल. फी वाढवायची असती तर ‘या महिन्यापासून’ असं लिहिलं असतं, असं मला वाटतं. ‘तेवढं’ वाढीला नाही, राहून गेलेल्या कामाला लागतं.

शुद्धमती : ‘तेवढं’ मार्दवासाठीही येतं. ‘तेवढं मीठ द्या’ म्हणतो तेव्हा काय राहून गेलेलं असतं?

तिरकी रेघ : मीठच!

कोरा कागद : मूल कच्चं आहे म्हणून जादा तास लादतायत, सरळ आहे.

जुनी पाटी : नीट वाचा. ‘मुलगा कच्चा’ लिहिलेलं नाही, ‘अपूर्णांक कच्चे’ लिहिलंय. एका धड्याची तक्रार आहे, पोराची नाही. तोच धडा त्या दोन तासांत घेणार असतील.

ओवी : वहीत 1/2 + 1/3 = 2/5 असं दोनदा केलंय, खाली बाईंचं लाल 5/6. वर वर, खाली खाली, सरळ बेरीज!

जुनी पाटी : मग छेद समान करणंच अडलंय. दोन तास पुरावेत. बाईंना दोनच प्रश्न विचारा, वेगवेगळे : राहिलेले दोन म्हणजे तास का? आणि त्यातल्या आमच्या सुट्टीच्या तासाचे पैसे वेगळे धरायचे का? ‘नक्की काय ते कळवा’ असं मोघम लिहू नका, उत्तरही मोघम येईल.

शुद्धमती : ‘सुट्टी’ की ‘सुटी’, यावर वेगळा धागा काढावा म्हणते.

ओवी : घाईत एकच ओळ पाठवली गेली : “बाई, दोन म्हणजे तास ना, आणि पैसे वेगळे का?” उत्तर आलंय : “हो ताई, दोनच.”