मदत हवी आहे : क्रीडादिनाचा क्रम असा ठेवला तर चालेल का?

नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात एका शाळेत क्रीडाशिक्षक आहे. डिसेंबरातल्या क्रीडादिनाची सूचना उद्या फळ्यावर लावायची आहे, पण स्पर्धांचा क्रम मनासारखा बसत नाहीये.

आठवीतली एक मुलगी १०० मीटर, ४०० मीटर, लांब उडी आणि रिले अशा चारही प्रकारांत आहे. गेल्या वर्षी मी ४०० मीटरनंतर वीसच मिनिटांनी १०० मीटरची अंतिम फेरी ठेवली. प्राथमिक फेरीत पहिली आलेली पोर पाय भरून आल्याने चौथी आली. चूक माझ्या क्रमाची होती, ते अजून मनाला लागून आहे.

यंदा साडेआठला १०० मीटरच्या प्राथमिक फेऱ्या, मग लांब उडी, साडेदहाला १०० मीटरची अंतिम फेरी, त्यानंतर लहानांच्या शर्यती, बाराला ४०० मीटर आणि जेवणानंतर दीड तासाने रिले, असं ठरवतोय. ४०० मीटर इतक्या उन्हात ठेवावी का? की तीच दुपारी घेऊन रिले दुसऱ्या दिवशी ठेवू?

सरावाचंही विचारायचं आहे. सकाळी सातला थंडी असते, म्हणून पहिली पंधरा मिनिटं हळू धावणं आणि ताण देणं, मगच वेगाची धाव. ४ बाय १०० रिलेत बॅटन ३० मीटरच्या पट्ट्यातच बदलावा लागतो. आमच्या मुली घाईने पट्ट्याबाहेर जातात आणि संघ बाद होतो. घेणारीने धाव कधी सुरू करायची, यासाठी मैदानावर खूण कुठे करता? आणि सहा दिवसांचा सराव पुरेल का?