नालेसफाई झाली, तरी पाणी का तुंबतं?

"नालेसफाई झाली, तरी आमच्या गल्लीत पाणी का तुंबतं?"

पाणी साचलेलं असताना रस्त्याकडेला पाणी आत जाण्याची जी जाळी असते, तिच्यावरचा कचरा लांब काठीने बाजूला सारा. भोवरा होऊन पाणी गुरगुरत आत गेलं, तर पाइप मोकळा आहे, तोंडच बुजलंय. तासाला 50 मिमी पाऊस हजार चौरस मीटरच्या गल्लीत सेकंदाला जवळपास 14 लिटर पाणी आणतो. सपाट जाळी बुजवायला मात्र दोन पिशव्या नि ओला पाला पुरतो. अशा जागी फुटपाथच्या कडेत उभं तोंडही काढून घ्यावं, जाळी झाकली तरी तिथून पाणी जात राहतं. कचरा सारूनही पाणी हललं नाही किंवा उलट वर आलं, तर पुढे गाळ आहे नाहीतर नालाच भरलाय. आणि कृपया झाकण उघडू नका. गढूळ पाण्याखाली उघडं चेंबर दिसत नाही, माणूस थेट आत जातो.