मदत हवी आहे: मोडीतलं जुनं खरेदीखत मोबाइलवर काढू की फ्लॅटबेड स्कॅनरवर?

उमा_शाहूपुरी

नमस्कार. आजेसासऱ्यांच्या ट्रंकेत १९३६ सालचं एक खरेदीखत सापडलं. चार सुटी पानं, सगळी मोडीत, बोरूनं लिहिलेली. कागद ३४ सेंमी लांब आणि २१ सेंमी रुंद आहे, त्याला तीन आडव्या घड्या पडल्यात. सोबत शिवलेली हिशेबाची एक वही आणि मोजणीचा एक लहान नकाशा आहे.

मोडी वाचून देणारे एक काका पुण्यात आहेत. त्यांच्यासाठी मी परवा रात्री जेवणाच्या टेबलावर, ट्यूबच्या उजेडात, मोबाइलच्या स्कॅन ॲपमधून फोटो काढले आणि व्हॉट्सॲपवर पाठवले. त्यांचं उत्तर आलं: "खालचा भाग लागतो. वरच्या ओळींत अक्षरं एकमेकांत मिसळलीत, तिसऱ्या पानावर मधोमध काळा पट्टा आहे आणि शिक्का तर दिसतच नाही."

मग एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. त्यांनी कागद काचेवर ठेवून झाकण दाबलं तशी घडीवर कुरकुर ऐकू आली. मी लगेच कागद परत घेतला.

शेजाऱ्यांकडे ए-फोर काचेचा प्रिंटर-स्कॅनर आहे, ते द्यायला तयार आहेत. तो वापरू, की मोबाइलवरच नीट काढता येईल? मोबाइल १२ मेगापिक्सेलचा आहे. पाऊस लागून राहिलाय, त्यामुळे गच्चीवर ऊन मिळण्याची आशा नाही.

---

रंकाळा_वारा

ताई, १२ मेगापिक्सेल कमी पडतात. ५० मेगापिक्सेलचा मोबाइल कुणाकडून तरी मागून घ्या. नाहीतर सरळ स्कॅनर घ्या आणि १२०० डीपीआय लावा. जेवढं जास्त तेवढं अक्षर फोडून दिसतंय बघा.

---

वैभव_कळंबा

माझापण हाच प्रॉब्लेम हाय. भरतीच्या फॉर्मला सही अपलोड करायची हाय, २० केबीच्या आत पाहिजे म्हणतोय. मोबाइलनं काढली की ३ एमबी होतीय. स्कॅनरनं कमी होईल काय?

---

बोरू_आणि_दौत

वैभव, तुझा प्रश्न वेगळा आहे. पांढऱ्या कागदावर काळ्या पेनानं सही कर, मोबाइलनं काढ, सहीपुरतंच कातर आणि मग मापं लहान कर. स्कॅनर शोधत फिरू नकोस.

उमाताई, मी बारा-तेरा वर्षं जुने कागद काढतोय. आधी मेगापिक्सेलचं बघू. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत लांबीला ४००० ठिपके मिळतात. तुमचं पान ३४ सेंमी, कडेला थोडी जागा सोडली तर साधारण २७० डीपीआय पडतात, म्हणजे दर मिलिमीटरला दहाएक ठिपके. बोरूची बारीक रेघ पाव ते अर्धा मिलिमीटर असते, म्हणजे सगळ्यात बारीक रेघेलाही दोन-तीन ठिपके येतात. वाचायला तेवढे पुरतात. स्कॅनरवर १२०० लावलं तर कागदाचे तंतू मोठे दिसतील, अक्षर नवं उगवणार नाही. सुट्या हस्तलिखिताला मी ३०० लावतो, फारच बारीक असेल तर ४००.

तुमचे ठिपके पुरेसे आहेत, ते वाया गेले दुसरीकडेच. मूळ फोटो शिल्लक असतील तर एक करा. पानाची वरची कड आणि खालची कड फोटोत किती ठिपक्यांची आहे ते मोजून इथे लिहा. कॉम्प्युटरवर कुठल्याही चित्राच्या प्रोग्राममध्ये कडेच्या दोन टोकांवर माउस नेला की आकडे दिसतात.

---

उमा_शाहूपुरी

ॲपनं मूळ फोटो ठेवलेत, बरं झालं. तिसरं पान मोजलं. वरची कड २०५०, खालची २४८०.

---

बोरू_आणि_दौत

मग कारण सापडलं. कागद दोन्हीकडे २१ सेंमीच आहे. खाली दर सेंमीला ११८ ठिपके आणि वर ९८. म्हणजे मोबाइल तिरपा होता, कागदाची वरची बाजू त्याच्यापासून लांब राहिली. ॲपनं नंतर पान चौकोनी करताना वरच्या ओळी ताणल्या. ताणून अक्षराचा आकार सारखा होतो, पण नसलेला तपशील येत नाही. शिवाय लांबची बाजू फोकसमधूनही थोडी सुटली असणार.

पान नुसतं फिरलेलं असेल तर काही बिघडत नाही, ते नंतर सरळ करता येतं. हा उताराचा तिरकेपणा मात्र फोटो काढतानाच टाळावा लागतो. त्यासाठी जिथे कागद ठेवायचा तिथे एक लहान आरसा सपाट ठेवा. मोबाइलच्या पडद्यावर लेन्सचं प्रतिबिंब बरोबर मधोमध आलं की मोबाइल कागदाला समांतर झाला. मग मोबाइल न हलवता आरसा काढून कागद ठेवा.

दुसरं म्हणजे ॲपचं काळं-पांढरं फिल्टर. मोडीत शिरोरेघ आधी ओढून ठेवतात आणि अक्षरं तिला लगडून लिहितात. फिल्टर फिकट शाई काळी करतं, रेघा जाड होतात आणि शेजारची अक्षरं चिकटतात. शिक्का फिकट, त्याला ते कागदाचा डाग समजून पुसून टाकतं. साध्या कॅमेऱ्यानं रंगीत फोटो काढा, ॲप नको.

---

उमा_शाहूपुरी

आणि तो काळा पट्टा? तिथे तर घडी आहे.

---

बोरू_आणि_दौत

ती घडीची सावली. घडी म्हणजे कागदावरचा बारीक बांध. उजेड आडवा आला की त्याच्या पलीकडे सावली पडते. म्हणून पान असं ठेवा की घडीच्या रेघेचं टोक खिडकीकडे येईल. उजेड घडीच्या लांबीनं वाहिला की सावली पडायला जागाच उरत नाही. डोक्यावरची ट्यूब बंद करा, नाहीतर तुमची आणि मोबाइलची सावली पडणारच. फ्लॅश नको. ऊन नसलं तरी चालतं. ढगाळ दिवसाचा उजेड याला उन्हापेक्षा चांगला, फक्त कमी असतो, त्यामुळे मोबाइल हातात धरू नका. टेबलाच्या कडेला डब्यांची उतरंड करून त्यावर मोबाइल ठेवा, लेन्स बाहेर, वर वजन, खाली कागदापर्यंत साधारण ३० सेंमी, आणि तीन सेकंदांचा टायमर. खिडकीच्या समोरच्या बाजूला पांढरा कार्डशीट उभा केला की अंधारी बाजूही उजळते.

आता शेजाऱ्यांचा स्कॅनर. ए-फोरची काच २९.७ सेंमी असते. तुमचं ३४ सेंमीचं पान मावणार नाही, दोन तुकड्यांत काढून जोडावं लागेल. त्यात आणखी एक अडचण. स्कॅनरचा दिवा काचेच्या रुंदीएवढी पट्टी असतो आणि लांबीच्या दिशेनं सरकतो. बहुतेक स्वस्त यंत्रांत उजेड एकाच बाजूनं येतो. तुमच्या आडव्या घड्या त्या पट्टीला समांतर येतात, म्हणजे सावली पक्की. पान आडवं फिरवावं तर काच रुंदीला २१.६ सेंमीच. शिवाय अशा यंत्रांना काचेला टेकलेलंच स्पष्ट दिसतं. घडीपाशी कागद दीड-दोन मिलिमीटर उचलला की अक्षर पुसट. सपाट करायला झाकण दाबावं तर जुनी घडी तुटते. खरेदीखताला मोबाइलच.

---

पंचगंगाकाठ

घड्या असतील तर सुती कापड टाकून हलकी इस्त्री फिरवा. आमच्या आजीचं पत्र असं सपाट केलंय, झकास आलं.

---

बोरू_आणि_दौत

इस्त्री नको, विनंती आहे. जुना कागद आधीच कोरडा असतो, उष्णतेनं आणखी ठिसूळ होतो. एका पत्राला निभावलं म्हणून खरेदीखतावर करून बघू नये.

---

रंकाळा_वारा

बरं, मेगापिक्सेलचं पटलं. पण मग फ्लॅटबेड कशालाच नको असं म्हणताय काय दादा? आमच्या ऑफिसात सगळं त्यावरच करतो, मोबाइलपेक्षा लई स्वच्छ येतंय.

---

बोरू_आणि_दौत

तसं मुळीच नाही. सपाट, सुटा, ए-फोरच्या आतला कागद असेल तर माझा हात आधी फ्लॅटबेडकडेच जातो. उजेड काठापासून काठापर्यंत सारखा, तिरकेपणा नाही, कोपरे मधल्याइतकेच स्पष्ट. ऑफिसातल्या कागदांना तुमचं म्हणणं अगदी बरोबर.

उमाताईंचा मोजणीचा नकाशा तर फ्लॅटबेडवरच काढावा. तिथे अंतर महत्त्वाचं आहे. ३०० डीपीआयवर काढला की ३०० ठिपके म्हणजे कागदावरचा एक इंच. मोबाइलचा फोटो थोडा जरी तिरपा झाला तरी एका टोकाचा इंच दुसऱ्या टोकाच्या इंचाएवढा राहत नाही आणि नकाशावरून मोजलेलं अंतर चुकतं. खात्रीसाठी नकाशाशेजारी काचेवर एक फूटपट्टी ठेवा. मात्र वरच्या ट्रेमधून कागद आपोआप ओढणाऱ्या यंत्रात जुनं काहीही घालू नका.

शिवलेली वही फ्लॅटबेडवर नको. शिवणीपाशी पान काचेपासून उचललेलं राहतं, तिथे काळोख आणि धूसरपणा येतो, आणि पालथी दाबली की शिवण उसवते. ती काटकोनापेक्षा थोडी जास्त उघडून, एका बाजूला आधार देऊन, आधी सगळी उजवी पानं आणि मग सगळी डावी पानं मोबाइलवर काढा.

---

उमा_शाहूपुरी

आज सकाळी अकरा ते दीड बसले. आरशाची युक्ती फार उपयोगी पडली. मला मोबाइल सरळ वाटत होता, पण आरशात लेन्स पार कडेला दिसत होती. डब्यांखाली पुठ्ठ्याची घडी घालून ती मधोमध आणली. आता तिसऱ्या पानाची वरची कड २३२० आणि खालची २३४०. कागद फिरवून ठेवल्यावर काळा पट्टाही गेला, शिक्क्याचा जांभळा रंग दिसतोय.

फोटो काकांना पुन्हा पाठवले, या वेळी व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून न पाठवता डॉक्युमेंट म्हणून, म्हणजे ते लहान होत नाहीत. त्यांनी तीन पानं लागली म्हणून कळवलं. चतुःसीमेत पूर्वेला ओढा लिहिलाय. तो ओढा अजून आहे, आम्ही लहानपणी तिथे खेकडे धरायचो. वाचून अंगावर काटा आला.

नकाशा शेजाऱ्यांकडे ३०० वर काढला. फूटपट्टीचे १० सेंमी मोजले, ११८१ ठिपके आले.

दोन गोष्टी राहिल्या. चौथ्या पानावर एक ओळ बरोबर घडीत आहे, तिथे शाईच झिजलीय. आणि वहीचा कागद पातळ असल्यानं मागच्या पानाची अक्षरं पुढे दिसतात.

---

बोरू_आणि_दौत

११८१ म्हणजे अगदी बरोबर. वहीच्या पानामागे काळा कागद सरकवा, मागची अक्षरं दबतात.

---

पंचगंगाकाठ

काळ्यानं सगळं पान करडं पडतं, फिकट शाई आणखी फिकट वाटते. मी पांढराच ठेवते.

---

बोरू_आणि_दौत

पान करडं पडतं हे खरं, माझ्याकडेही पडतं. उमाताई, एकाच पानाचे दोन्ही तऱ्हेनं फोटो काढून काकांना पाठवा, त्यांना कुठला लागतो ते बघा. घडीतल्या ओळीसाठी तेवढ्या भागाचा जवळून वेगळा फोटो घ्या, एक उजेड डावीकडून आणि एक उजवीकडून. शाई गेली असली तरी बोरूचा ओरखडा कधी कधी तिरप्या उजेडात दिसतो. इथे सावली मुद्दाम पाडायची आहे.

---

उमा_शाहूपुरी

उद्या सकाळी करते. पाऊस जरा उघडू दे, खिडकीतून उजेड फारच कमी येतोय.