मदत हवी आहे: बोगद्यातल्या पाण्यात गाडी बंद पडली, सुरू करू का?

शामरावनगरकर
सांगलीत आहे. संध्याकाळी रेल्वेखालच्या बोगद्यात गाडी बंद पडली. चार पोरांनी ढकलून बाहेर काढली, आता चढावर कडेला उभी आहे. तासाभरात वाळेल का? उद्या सकाळी सातला वडिलांना डायलिसिसला मिरजेला न्यायचंय. लवकर सांगा.

वडापवाला
पाण्यात रेस सोडली असणार तुम्ही. पहिला गिअर टाकायचा, रेस दाबून धरायची आणि न थांबता काढायची. रेस सोडली की सायलेन्सरमधनं पाणी आत जातं. वीस वर्षं असंच काढतोय.

मिरजेचा मेकॅनिक
ताई, आधी एवढं सांगा. पेट्रोल का डिझेल? पाणी कुठवर होतं? आपोआप बंद पडली का झटका देऊन? आणि मुख्य म्हणजे, नंतर किल्ली फिरवली का?

पावसाळी
माझ्या स्कूटरचंही असंच झालेलं. प्लग पुसला, चालू झाली. तुम्हीपण प्लग पुसा.

शामरावनगरकर
पेट्रोल. पुढची जीप आरामात गेली म्हणून मीही तिच्यामागे घातली. सुरुवातीला पाणी अर्ध्या चाकाला होतं. मधे समोरून ट्रक आला, त्याची लाट बॉनेटवर आली आणि गाडी झटका देऊन थांबली. किल्ली दोनदा फिरवली. पहिल्यांदा टक् वाजलं, दुसऱ्यांदा तेही नाही.

मिरजेचा मेकॅनिक
आता किल्लीला हात लावू नका. कुणी धक्का मारून गिअरमध्ये चालू करू म्हणालं तर तेही नको. बॅटरीची मायनसची तार काढून ठेवा.

हवा ओढायचं तोंड बऱ्याच गाड्यांत जाळीच्या मागे, हेडलाइटच्या उंचीला असतं. लाट तिथपर्यंत आली की इंजिन हवेऐवजी पाणी ओढतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. जीपचं तोंड वर असतं, म्हणून ती गेली. तिच्यावरून आपल्या गाडीचा अंदाज धरू नये.

एअर फिल्टरच्या डब्याचं झाकण उघडा. फिल्टर कोरडा असेल तर निम्मी काळजी गेली, बिघाड वायरिंगचाही असू शकतो. ओला असेल तर पाणी आत गेलंय असं धरून चाला. ऑइलची पट्टीही बघा, ऑइल दुधाच्या चहासारखं झालेलं असेल तर तिथंही पाणी गेलंय.

वडापवाले दादा, पहिला गिअर आणि एकसारखा वेग हे बरोबर. पण सायलेन्सरमधनं पाणी शिरून रॉड वाकत नाही, तो पुढच्या तोंडानं ओढलेल्या पाण्यानं वाकतो. जास्त रेसला इंजिन हवा जास्त ओढतं, आणि वेग वाढला की तुमचीच लाट बॉनेटवर चढते.

वडापवाला
मग मधे बंद पडू द्यायची का? तुम्ही गॅरेजात बसून बोलताय.

मिरजेचा मेकॅनिक
नाही दादा, आत घालायचीच नाही असं म्हणतोय. बोगद्याचा रस्ता मधे खाली जातो. कडेला अर्धं चाक दिसलं तरी मधे कमरेएवढं असू शकतं. कडेची फरशी, दुभाजक दिसेना झाला की थांबायचं, नाहीतर पुलावरनं वळसा घालायचा.

कृष्णाकाठ
थांबायचं तरी किती? पाऊस थांबला की पाणी उतरतंच असं नाही. आयर्विन पुलापाशी कृष्णा नदी कमी असेल तर तास-दोन तासात उतरतं. पण नदी फुगली की नाल्याचं पाणी तिच्यात जायचं सोडून उलटं शहरात येतं. मग वर ऊन पडलं तरी बोगदा भरलेलाच. २०१९ ला नदी ५७ फुटांवर गेली तेव्हा आमच्या गल्लीत पाऊस नसतानाही पाणी चढत होतं. नालेसफाईचं तर बोलायलाच नको, दरवर्षी तोच गाळ काढून काठावर टाकतात.

शामरावनगरकर
नालेसफाईवर दुसरा धागा काढा हो! फिल्टर बघितला, पिळला तर पाणी गळतंय. ऑइल मात्र स्वच्छ दिसतंय. आता पुढं?

मिरजेचा मेकॅनिक
उचलून नेणारी गाडी बोलवा, ओढत नेऊ नका. गॅरेजवाल्याला म्हणावं, चारही प्लग काढून पान्यानं क्रँकची पुली हातानं दोन पूर्ण फेरे फिरव. फिरली आणि प्लगच्या भोकातनं पाणी उडालं तर आशा आहे. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजायचं. एकातच कमी आलं तर त्याचा रॉड वाकला असण्याची शक्यता मोठी. थोडा वाकलेला रॉड घेऊनही गाडी चालू होते आणि महिन्याभरात ब्लॉक फोडते, म्हणून "चालू झाली, न्या" म्हणाला तरी मोजल्याशिवाय आणू नका.

पॉलिसीवाले काका
इंजिनचं वेगळं संरक्षण घेतलंय का? साध्या पॉलिसीत पाण्यात किल्ली फिरवून झालेलं नुकसान बहुतेक नाकारतात. फोटो काढून ठेवा, इंजिन उघडण्याआधी कळवा.

शामरावनगरकर
ते घेतलंय का हे कागद बघून सांगते. गाडी उचलणारा रात्री येतोय. पण सकाळी सातचं काय?

कृष्णाकाठ
ताई, मी विश्रामबागला राहतो. साडेसहाला येतो, बोगदा सोडून पुलावरनं जाऊ. पत्ता निरोपात पाठवा.